कार्टनमधले बॉक्स, बॉक्समधले पाऊच, खाली पॅलेट : एकाच मालाचे तीन आकडे आलेत

कुपवाडकर (दुपारी १२:४०)

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत एका मसाला युनिटच्या डिस्पॅचला आहे, नवाच आहे. हळद पावडर आखातात चाललीय, १०० ग्रॅमचे पाऊच. ऑर्डर ४७,५०० नगांची. गाडी उद्या सकाळी न्हावा शेव्याला सुटणार आणि पॅकिंग लिस्ट आज संध्याकाळपर्यंत द्यायची आहे.

भरती अशी : एका बॉक्समध्ये १० पाऊच, एका कार्टनमध्ये १२ बॉक्स. कार्टनचं माप ४०० बाय ३०० मिमी, उंची २५०. पॅलेट १२०० बाय १००० चं. एकूण ८ पॅलेट उभे आहेत, सगळ्यांना फिल्म गुंडाळून झाली.

आता गंमत बघा. मुकादमानं पॅलेटभोवती फिरून मोजलं, त्याचे नग आले ५७,६००. अकाउंटवाल्यांनी एक्सेलमध्ये काढले ४८,०००. ऑर्डर ४७,५००. तिघांचं तीन दिशांना तोंड. फिल्म फाडून सगळं उतरवायला हमाल तयार नाहीत, आणि साहेब म्हणतात "तू डिस्पॅचला आहेस ना, मग तूच सांग". नेमकं कुठून सुरू करू?

कृष्णाकाठ (१२:५५)

अहो यात अवघड काय? पॅलेट गुणिले पॅलेटवरचे कार्टन गुणिले बॉक्स गुणिले पाऊच. ८ × ५० × १२ × १० = ४८,०००. अकाउंटवाले बरोबर आहेत. मुकादमाला दोन दिवस सुट्टी द्या.

चिन्मय_मिरज (१:०३)

पॅलेट लाकडी आहेत का? असतील तर त्यावर एचटीचा शिक्का आहे का ते आधी बघा. लाकडाच्या गाभ्यात ५६ डिग्री तापमान ३० मिनिटं टिकलं पाहिजे, तेव्हाच तो शिक्का मिळतो. आमचे पॅलेट याच कारणानं बंदरावर अडकले होते.

कुपवाडकर (१:१०)

चिन्मयदादा, शिक्का आहे, प्रत्येक पॅलेटच्या दोन बाजूंना. माझा प्रश्न नगांचा आहे हो.

कृष्णाकाठ, ५० हा आकडा अकाउंटला कुणी दिला तेच मी शोधतोय. त्यांच्या शीटमध्ये तो आधीपासूनच भरलेला आहे.

माधवनगर_गोडाऊन (१:३२)

स्टोअरमध्ये हयात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कुपवाडकर, तुझ्या मुकादमाचा आकडा कुठून आला ते मला इथं बसून सांगता येतं. त्यानं पॅलेटच्या लांब बाजूला उभं राहून खालच्या थरात ४ कार्टन मोजले, आखूड बाजूला ३ मोजले, ४ गुणिले ३ म्हणजे थराला १२ धरले. ५ थर, म्हणजे ६०. ८ पॅलेटचे ४८० कार्टन. त्याला १२० नी गुण, ५७,६०० येतात की नाही बघ.

मोजताना त्याची नजर चुकलेली नाही. त्या बाजूंना ४ आणि ३ च दिसतात. पण ४०० बाय ३०० चा कार्टन १२०० बाय १००० च्या पॅलेटवर असा बसतो : पुढच्या रांगेत ४ कार्टन, ३०० ची बाजू पुढे करून, त्यांची खोली ४००. त्यांच्या मागे ३-३ कार्टनच्या दोन रांगा, त्यांची ४०० ची बाजू पुढे, प्रत्येक रांगेची खोली ३००. ४०० अधिक ३०० अधिक ३००, झाले १०००. थराला ४ अधिक ३ अधिक ३, म्हणजे १०. समोरून ४ दिसतात, मागून ३ दिसतात, आखूड बाजूनं कुठूनही ३ च. बाजूंचा गुणाकार कुठून करशील?

पटत नसेल तर क्षेत्रफळ धर. पॅलेट १२०० × १००० = १२ लाख चौरस मिमी. कार्टन १ लाख २० हजार. भागाकार १०. त्याच्यावर अकरावा कार्टन मावतच नाही, मग १२ कुठले?

अजून एक खूण. वरचा थर उलटा फिरवून रचतात, सांधे एकमेकांवर येऊ नयेत आणि पॅलेट फाकू नये म्हणून. म्हणजे एकाच बाजूनं बघितलंस तर खालून पहिल्या थराला ४, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला परत ४ असं दिसलं पाहिजे. फिल्ममधूनही दिसतं. जाऊन बघ आणि सांग.

काटेवाले मामा (१:४०)

येवढं भूमितीत शिरायचं कशाला वो? गाडी काट्यावर घाला, रिकामी गाडी वजा करा, राहिलेलं वजन १०० ग्रॅमनं भागा. झालं काम. आमच्याकडं मार्केट यार्डात असंच चालतंय.

कुपवाडकर (२:१५)

मामा, योगायोगानं गाडी आत्ताच भरून काट्यावर जाऊन आली. मालाचं वजन पॅलेटसकट ५,५८० किलो. १०० ग्रॅमनं भागलं तर ५५,८०० येतात. मुकादम आता जोरात आहे, "बघा, माझ्याच आकड्याजवळ आलं" म्हणतोय.

माधवनगर काका, थरांचं तुम्ही म्हणता तसंच निघालं. लांब बाजूनं ४, ३, ४, ३, ४.

माधवनगर_गोडाऊन (२:३१)

मामांचा काटा खरा, भागाकार चुकीच्या आकड्यानं केला. काट्यावर हळद एकटी चढत नाही. पाऊचची फिल्म, बॉक्सचा पुठ्ठा, कार्टन, टेप, लाकूड, सगळं चढतं. ते सगळं हळद समजून भागलं की नग फुगणारच. मुकादमाच्या आकड्याशी ते जवळ आलं हा निव्वळ योगायोग आहे. दोन चुका शेजारी शेजारी उभ्या राहिल्या म्हणून एकमेकींच्या साक्षीदार होत नाहीत.

कुपवाडकर, रिकामा पाऊच, रिकामा बॉक्स, टेप मारलेला रिकामा कार्टन आणि रिकामं पॅलेट यांची वजनं काढून दे.

कुपवाडकर (२:५८)

रिकामा पाऊच ३ ग्रॅम, म्हणजे भरलेला १०३. बॉक्स ६० ग्रॅम. कार्टन टेपसकट ६२० ग्रॅम. पॅलेट २० किलोच्या आसपास, एखादं अर्धा किलो इकडेतिकडे.

माधवनगर_गोडाऊन (३:२०)

आता बघ. भरलेला बॉक्स म्हणजे १० पाऊचचे १,०३० ग्रॅम अधिक ६०, म्हणजे १,०९० ग्रॅम. असे १२ म्हणजे १३,०८०, त्यात कार्टनचे ६२०. पूर्ण कार्टन १३ किलो ७०० ग्रॅम.

५,५८० मधून ८ पॅलेटचे १६० वजा कर. ५,४२० राहिले. त्याला १३.७ नी भाग : ३९५ आणि वर थोडं. म्हणजे गाडीत कार्टन साधारण ३९५-३९६ आहेत. मुकादमाचे ४८० असते तर काटा पावणेसात टनांच्या जवळ गेला असता. अकाउंटचे ४०० असते तर ५,६४० दाखवले असते, ६० किलो जास्त. काट्याची सर्वात लहान खूण १० किलोची असली तरी ६० किलोचा फरक लपत नाही.

पण ३९५ की ३९६ हे त्या काट्यावर ठरवू नकोस. फिल्मचं वजन, पॅलेटचा ओलावा, डिझेल किती होतं, यातच एक कार्टन इकडचा तिकडे होतो. काट्यानं फक्त दोन आकडे बाद केले, एवढंच त्याचं काम. आता आठवं पॅलेट बघ. त्याचा वरचा थर पूर्ण नसणार.

तासगावची शुभा (३:२६)

मधेच बोलते, माफ करा. आमचा बेदाण्याचा धंदा, २५० ग्रॅमचे पाऊच. गेल्या हंगामात एका खरेदीदारानं ऑर्डरवर नुसतं "पीसेस" लिहिलं. आम्ही पाऊच धरले, त्यांच्या सिस्टिममध्ये एक पीस म्हणजे आतला बॉक्स. माल पोचल्यावर दहापट कमी आलाय म्हणून मेल. शेवटी त्यांनीच मान्य केलं, पण पैसे महिनाभर अडकले. कुपवाडकर, तुमच्या ऑर्डरीत नग म्हणजे काय हे लिहिलेलं आहे का?

कुपवाडकर (४:०५)

शुभाताई, ऑर्डरवर "पाऊच १०० ग्रॅम" असं स्पष्ट आहे, त्यामुळे तेवढं तरी सुखानं.

आठव्या पॅलेटवर चार थर पूर्ण आणि वर ६ कार्टन. म्हणजे ४६. बाकीचे सात पूर्ण, ५०-५०. एकूण ३९६ कार्टन, १२० नी गुणले तर ४७,५२०. ऑर्डरीपेक्षा २० जास्त! पॅकिंगवाले शपथेवर सांगतात की त्यांनी मोजून ४७,५०० च भरले. साहेब म्हणतात २० पाऊचनं काय होतंय, ४७,५२० लिही.

कृष्णाकाठ (४:११)

बघा, माझीच पद्धत निघाली शेवटी, फक्त ४०० च्या जागी ३९६. साहेबांचं ऐका.

माधवनगर_गोडाऊन (४:३०)

लिहू नकोस अजून. आधी ४७,५०० ला १२० नी भाग. ३९५ पूर्ण जातात, ४७,४०० झाले, बाकी १०० उरते. ऑर्डर कार्टनच्या पटीत बसत नाही, म्हणजे पॅकिंगवाले खरं बोलत असतील तर एक कार्टन सुटा असलाच पाहिजे. १०० पाऊचचा, म्हणजे १० बॉक्सचा. "सगळे कार्टन पूर्ण" आणि "ऑर्डर बरोबर भरली" ही दोन्ही वाक्यं एकदम खरी असू शकत नाहीत.

कृष्णाकाठ, गुणाकारावर माझा राग नाही. प्रत्येक कार्टन पूर्ण आहे हे तुम्ही न बघता धरलंत, तिथं अडतं.

कुपवाडकर, वरचे सहा कार्टन एकेक करून प्लॅटफॉर्म काट्यावर ठेव. उघडायची गरज नाही. एक ११ किलो ५२० ग्रॅमच्या आसपास भरला तर तोच. आणि एक सांग, पॅकिंगच्या वहीत त्या कार्टनसमोर काय लिहिलंय? कार्टनवर भरती कशी छापलीय?

कुपवाडकर (५:१२)

सापडला! पाच कार्टन १३.६८ ते १३.७३, सहावा ११.५३. उघडला तर आत १० बॉक्स आणि रिकाम्या जागेत चुरगाळलेला कागद दाबून भरलेला, म्हणून हलवल्यावर खुळखुळत नव्हता.

कार्टनवर छापलंय `12 x 10 x 100 g`. पण वहीत भरतीच्या रकान्यात "१० × १२" लिहिलंय, आणि त्या कार्टनसमोर "बॉक्स १०, पूर्ण" अशी खूण.

माधवनगर_गोडाऊन (५:२८)

हीच शंका होती. कार्टनवरचं बाहेरून आत वाचायचं : १२ बॉक्स, प्रत्येकात १० पाऊच, पाऊच १०० ग्रॅमचा. वहीत उलटं उतरवलं की १० बॉक्स, प्रत्येकात १२ असं होतं. पूर्ण कार्टनला काही बिघडत नाही, दोन्हीकडून १२० च. म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. पण सुटा कार्टन आला की तपासणारा वही बघतो, १० बॉक्स मोजतो आणि "पूर्ण" म्हणून खूण करतो. १० बॉक्सचा कार्टन सुटा आहे हे त्याला कळायला वावच नाही.

आता शीटमध्ये प्रत्येक पॅलेटला एक ओळ कर, ८ पॅलेटच्या ८ ओळी. रकाने असे : बी मध्ये पूर्ण थर, सी मध्ये थराला कार्टन, डी मध्ये वरचे पूर्ण कार्टन, ई मध्ये कार्टनला बॉक्स, एफ मध्ये सुट्या कार्टनमधले बॉक्स, जी मध्ये बॉक्सला पाऊच, एच मध्ये सुटे पाऊच.

```
=((B2*C2+D2)*E2+F2)*G2+H2
```

सुटं जे असेल ते त्याच्याच पायरीवर मिळवायचं आणि मग पुढचा गुणाकार. सुटे कार्टन कार्टनच्या पायरीवर, सुटे बॉक्स बॉक्सच्या. सात पॅलेटला ५, १०, ०, १२, ०, १०, ० : प्रत्येकी ६,०००, मिळून ४२,०००. आठव्याला ४, १०, ५, १२, १०, १०, ०. चार थरांचे ४० आणि वरचे ५, झाले ४५ पूर्ण कार्टन. त्यांचे ५४० बॉक्स, सुट्या कार्टनचे १०, एकूण ५५० बॉक्स, ५,५०० पाऊच. बेरीज ४७,५००. पॅकिंगवाल्या बायकांना चहा पाज.

काटेवाले मामा (५:४१)

म्हंजे शेवटी काट्यानंच सापडलं ना? 😄

माधवनगर_गोडाऊन (५:५०)

सापडलं, मान्य. पण लहान काट्यावर, मामा. आणि त्यालाही हद्द आहे. दोन बॉक्स कमी म्हणजे दोन किलोच्या वर फरक, तो दिसतो. एखाद्या कार्टनमध्ये एकच पाऊच कमी असेल तर १०३ ग्रॅमचा फरक. पाऊच भरणारं मशीन प्रत्येक पाऊचला एकेक ग्रॅम जास्त सोडत असेल तर १२० पाऊचचे १२० ग्रॅम कार्टनमध्ये तसेच वाढतात, आणि कमी असलेला पाऊच त्याखाली गडप. एक पाऊच धरायचा असेल तर बॉक्स बंद करतानाच तोलायचा. तिथं १,०९० आणि ९८७ मधला फरक कुणालाही दिसतो, कारण दहा पाऊचचं कमीजास्त दहा-वीस ग्रॅमच्या पलीकडे सहसा जात नाही.

जुन्या काळी हरिपूरच्या पेवांत हळद पोत्यांनी मोजून जायची, तेव्हा ही नगांची कटकट नव्हती. पोती किती आणि वजन किती, विषय संपला.

बंदरपावती (६:०५)

क्लिअरिंगमध्ये आहे, कागदापुरतं बोलतो. कुपवाडकर, पॅकिंग लिस्टवर नुसतं "३९६ कार्टन × १२०" असं लिहू नका. दोन ओळी करा : ३९५ कार्टन प्रत्येकी १२० पाऊच, १ कार्टन १०० पाऊच. त्या सुट्या कार्टनचा नंबर आणि तो कुठल्या पॅलेटवर आहे तेही टाका. कस्टमने नेमका तोच उघडला तर वाद राहत नाही. शिपिंग बिलात हळदीचं प्रमाण किलोतच जातं, निव्वळ ४,७५० किलो. नग तिथं कुणी विचारत नाही, ते इनव्हॉइसला लागतात.

आणि बिल ऑफ लेडिंगच्या मसुद्यात हे बघून घ्या :

```
8 PALLETS CONTAINING 396 CARTONS
```

नुसते ८ पॅलेट लिहिले आणि वाटेत माल भिजला, तर जहाजवाल्याची बाजू ८ च पॅकेज धरून भरपाईची मर्यादा लावायला बघते. कार्टनची संख्या लिहिलेली असेल तर ३९६ पॅकेजवर भांडता येतं.

कृष्णाकाठ (६:१४)

एक शंका आहे, खोचक नाही. आमच्याकडे युरोपचं १२०० बाय ८०० चं पॅलेट येतं, कार्टन हाच. तिथं आम्ही कायम लांब बाजू गुणिले आखूड बाजू करतो आणि कधी फरक आला नाही. मग तिथंही चुकतंय म्हणायचं?

माधवनगर_गोडाऊन (६:२२)

नाही, तिथं तुमचं बरोबर आहे. ८०० म्हणजे ४०० अधिक ४००. सगळे कार्टन एकाच दिशेनं बसतात, लांबीला ४, रुंदीला २, थराला ८. गुणाकार चालतो. कार्टन आडवे-उभे मिसळले की मोडतो. काही मापांत तर मधोमध भोक राहतं, बाहेरून भिंत अखंड दिसते आणि आत पोकळी. म्हणून नवीन मापाचा कार्टन आला की पहिल्या पॅलेटच्या पहिल्या थराचा वरून फोटो काढून भिंतीवर चिकटवायचा, फिल्म गुंडाळायच्या आधी.

तासगावची शुभा (६:३०)

सुटा कार्टन ठेवायचा कुठं हे कुणी बोललंच नाही. आम्ही शेवटच्या पॅलेटवर सगळ्यात वर ठेवतो आणि लाल लेबल लावतो.

बंदरपावती (६:३४)

लाल लेबल म्हणजे "मला उघडा" अशी पाटीच. वाटेत त्यातलाच बॉक्स जातो, आणि तो आधीच अर्धवट असल्यानं कुठं गेला हे सिद्धही करता येत नाही. मी तरी वरून दुसऱ्या थरात, आतल्या बाजूला ठेवायला सांगतो.

माधवनगर_गोडाऊन (६:४१)

आत ठेवायचा तर दोन बॉक्सच्या रिकाम्या जागी पुठ्ठ्याचा घट्ट तुकडा द्या. चुरगाळलेला कागद वरचं वजन घेत नाही, कार्टन दबतो आणि पॅलेट कलतं. मी आयुष्यभर वरच ठेवला. बंदरपावतींचं म्हणणंही खोटं नाही, पण समोरच्याला मोजायला वरचा बरा पडतो.

तासगावची शुभा (६:४४)

चोरी होते तशी ती पूर्ण कार्टनचीही होते की. मी लाल लेबल काढणार नाही.

कुपवाडकर (७:१०)

पॅकिंग लिस्ट गेली : ८ पॅलेट, ३९६ कार्टन, ४७,५०० पाऊच, दोन ओळींत. सुटा कार्टन आठव्या पॅलेटवर वरच ठेवला, कागद काढून पुठ्ठा घातला, लेबल पांढरंच पण त्यावर "१०० पाऊच" छापलं. वहीतला रकाना आता "कार्टनला बॉक्स" आणि "बॉक्सला पाऊच" असा वेगवेगळा केलाय.

मुकादमाला थराचा नकाशा खडूनं जमिनीवर काढून दाखवला. "मंग मागनं तीनच का दिसत्यात ते आत्ता कळलं" म्हणाला. अकाउंटच्या शीटमधला ५० मात्र अजून तसाच आहे, त्यांचा माणूस सहालाच घरी गेला. पुढच्या आठवड्यात २०० ग्रॅमचे पाऊच चालू होतायत, कार्टन वेगळा, ३८० बाय २८५ चा. त्याचा थर कसा बसेल कुणी सांगेल का?

माधवनगर_गोडाऊन (७:२५)

पद्धत हीच बसेल : २८५ ची बाजू पुढे करून ४, म्हणजे ११४०. ३८० ची बाजू पुढे करून ३, तेही ११४०. खोली ३८० अधिक २८५ अधिक २८५, म्हणजे ९५०. थराला १० च, कडेनं थोडी जागा मोकळी. पण उंची आणि वजन कळल्याशिवाय थर किती चढवायचे ते सांगणार नाही. खालच्या कार्टनचा पुठ्ठा किती प्लायचा आहे?